40 नंबर म्हणजे कोणाचे 40?

एका छोट्या ऑनलाइन कुर्त्यांच्या दुकानासाठी मी काही काळ मापांचे तक्ते लिहीत होते. तिथे परत आलेल्या एका पाकिटात सुती, सरळ कटचा निळा कुर्ता होता. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘टेपने मोजून घेतला होता, तरी हात वर होत नाही.’ मी आमचा तक्ता उघडला. ‘एल : छाती 40.’ बाईंची छाती 40 इंच होती आणि त्यांनी एल मागवला होता. कुर्ता टेबलावर पसरून मोजला, तर तोही 40 भरला. बाईंचे माप बरोबर होते आणि कुर्त्याचेही. चूक तक्त्यात होती, कारण ते 40 अंगाचे की कपड्याचे, हे आम्ही कुठेच लिहिले नव्हते.

शिवायला टाकताना हा प्रश्न येत नाही. टेलर अंगाचे माप घेतो आणि त्यात लूजिंग स्वतःच्या अंदाजाने धरतो. ऑनलाइन दुकानात मधला टेलर नाही. त्याच्या डोक्यातला तो हिशेब तक्त्याने उघडपणे मांडावा लागतो.

होजिअरीचे कापड ताणले जाते, म्हणून टी-शर्ट अंगाच्या मापाइतका किंवा थोडा कमी असला तरी चालतो. विणलेले सुती कापड ताणत नाही. श्वास घ्यायला, बसायला, हात पुढे करायला लागणारी जागा कपड्यातच ठेवावी लागते. सरळ कटच्या सुती कुर्त्याला छातीत साधारण 3 ते 4 इंच लूजिंग लागते. म्हणजे मोजून 40 भरणारा एल कुर्ता 36 ते 37 इंच छातीसाठी आहे. एक्सएल 42 भरत असेल, तर तो 38–39 साठी, आणि डबल एक्सएल 44 भरत असेल, तर तो 40–41 साठी. त्या बाईंना डबल एक्सएल लागत होता. आमच्या तक्त्याने त्यांना दोन नंबर खाली पाठवले होते.

उपाय साधा आहे. तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवायचे आणि त्यांना सरळ नावे द्यायची : ‘तुमच्या अंगाचे माप’ आणि ‘तयार कुर्त्याचे माप’. पहिला रकाना नंबर निवडण्यासाठी असतो. दुसरा असतो तो ज्यांना घरातल्या कुर्त्याशी ताडून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. त्यांना पद्धतही सांगायची : नीट बसणारा कुर्ता सपाट पसरा, सुरकुत्या काढा, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरा आणि येईल त्याची दुप्पट करा. 20 इंच आले तर 40. दुप्पट करायची हे लिहिले नाही, तर कुणीतरी 20 हा आकडा तक्त्यात शोधत बसते. ताडायचा कुर्ताही सुतीच घ्यायला सांगावे. होजिअरीच्या कुर्तीवरून सुती कुर्त्याचा नंबर ठरवला, तर तो हमखास घट्ट होतो.

तयार मापाचा रकाना कारखान्याच्या कागदावरून उतरवू नये. माल आला की प्रत्येक नंबरातले तीन-चार नग काढून स्वतः मोजावेत. शिलाईत अर्धा इंच इकडेतिकडे होतोच. तेवढा फरक तक्त्याखाली सांगून टाकावा. त्याहून जास्त निघाला, तर ती गठ्ठ्याची गडबड आहे आणि तक्ता कितीही चांगला लिहिला तरी ती झाकली जात नाही.

मग एक नग धुवायचा. न आटवलेले सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीनच्या आसपास सहज आटते, बहुधा रुंदीपेक्षा लांबीत जास्त. 46 इंचांचा कुर्ता साडेचव्वेचाळीसवर येतो. छातीतही तेवढेच आटले, तर 40 चे 39 सुद्धा उरत नाहीत आणि तीन इंचांचे लूजिंग दोनच्या आत येते. धुतलेला कपडा दुकान सहसा परत घेत नाही. पण ती ग्राहक पुन्हा येत नाही. म्हणून तक्त्यात धुतल्यानंतरचे माप द्यावे, आणि ते धुतल्यानंतरचे आहे हेही लिहावे.

आकड्यांत न मावणारे सगळे फिटिंगच्या टिपेत येते. ‘आरामदायी फिट’ असे लिहून ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. कुर्ता कुठे अडतो, ते सांगायचे. सर्वांत जास्त अडतो तो दंडाला, आणि नेमका दंडघेर बहुतेक तक्त्यांत नसतो. दुसरी जागा नितंबांची. तिथे बाजूचा कट कुठून सुरू होतो, यावर सगळे ठरते. कट नितंबांच्या वर सुटला, तर घेर आड येत नाही. खाली सुटला, तर कुर्ता बसताना खेचतो. लांबीचेही तसेच. फोटोतली मॉडेल 5 फूट 7 इंच असेल आणि तिच्या गुडघ्याच्या जरा खाली कुर्ता येत असेल, तर 5 फूट 1 इंच उंचीच्या बाईला तोच पोटरीच्या मध्यावर येईल. मॉडेलची उंची, छाती आणि तिने घातलेला नंबर दिला, की वाचणारी हा हिशेब स्वतः करते.

त्या निळ्या कुर्त्याची टीप मी शेवटी अशी लिहिली :

‘सुती कापड, ताणत नाही. नंबर अंगाच्या मापावरून निवडा. एल नंबरात बाहीचा दंडघेर 13 इंच आहे. तुमचा दंड 12 इंचांपेक्षा जास्त असेल, तर एक नंबर मोठा घ्या. बाजूचा कट खांद्यापासून 22 इंचांवर सुरू होतो. माप दोन नंबरांच्या मध्ये येत असेल, तर मोठा घ्या : बाजूने आत घेता येतो, पण आत माया नसल्यामुळे उसवून वाढवता येत नाही.’

मायेचा उल्लेख मुद्दाम केला. बाजूच्या शिवणीत चारही कडांना अर्धा-अर्धा इंच जादा कापड असेल, तर उसवून घेर दोन इंचांपर्यंत वाढवता येतो आणि घट्ट कुर्ता परत पाठवण्याऐवजी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातो. रेडिमेड कुर्त्यात शिवणीलगत कापून ओव्हरलॉक केलेले असते. आपल्या कुर्त्यात माया आहे की नाही, हे आतली बाजू उलटून पाहूनच लिहावे.

तक्ता बरोबर झाला की नाही, हे परत येणारी पाकिटे सांगतात. फक्त कारण नेमके विचारायला हवे. ‘साईज बसली नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही. ‘छाती, दंड, नितंब, खांदा की लांबी? घट्ट की सैल?’ असे विचारावे आणि उत्तरे नंबरवार लिहून ठेवावीत. सगळ्याच नंबरांत छाती घट्ट येत असेल, तर अंगाच्या मापाचा रकाना चुकला आहे. तो एका संध्याकाळी दुरुस्त होतो. पण एक्सएलच्या पुढे छाती बरोबर आणि खांदा मात्र उतरतो असे येऊ लागले, तर दोष पॅटर्नमध्ये आहे. छाती वाढवताना खांदाही त्याच हाताने वाढवला गेला आहे. अंग जाड झाले म्हणून खांद्याचे हाड तेवढे रुंद होत नाही. तो कुर्ता कटिंग मास्टरकडेच न्यावा लागतो. फोटोपेक्षा रंग वेगळा निघाला म्हणून परत येणाऱ्या पाकिटांवर तक्ता काही करू शकत नाही. ती वेगळी मोजावीत.

त्या बाईंना आम्ही डबल एक्सएल पाठवला. तो परत आला नाही.