आधी सहा वाजवून बघा

दुकानाच्या काचेमागे मांडलेली घड्याळं बहुतेक दहा वाजून दहा मिनिटं दाखवत असतात. सेल वाया जाऊ नये म्हणून चावी ओढून तिच्याखाली प्लास्टिकचा एक तुकडा अडकवलेला असतो, आणि वर छापलेलं कंपनीचं नाव झाकलं जाऊ नये म्हणून काटे असे फाकवून ठेवलेले असतात. दिसतं छान. पण दहा वर्षांच्या मुलासाठी पहिलं घड्याळ घ्यायला आलेल्या माणसाला यातून काहीच कळत नाही. त्याने दुकानदाराला सांगून तो तुकडा काढून घ्यावा, चावी फिरवून सहा वाजवावेत आणि मग बघावं.

सहाला दोन्ही काट्यांची मिळून एक सरळ उभी रेघ व्हायला हवी. नसेल होत, तर तास काटा तिरका बसलेला आहे. काटे आतल्या आसावर नुसते दाबून बसवतात, त्यामुळे जरा हात हलला की काटा हलला. मोठ्या माणसाचं त्याने काही बिघडत नाही. किती वाजत आले असतील याचा अंदाज आपल्याला असतोच. घड्याळात आपण फक्त मिनिटं बघतो. मुलाला मात्र तास काट्यावरच विसंबावं लागतं, आणि तोच खोटं सांगत असेल तर सगळं शिकणं फसतं.

हिशेब करून बघा. तास काटा एका तासात एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो, म्हणजे मिनिटांच्या पाच खुणा पार करतो. एक खूण बारा मिनिटांची झाली. तीन वाजून पन्नास मिनिटं झाली असताना हा काटा चारच्या अलीकडे एका खुणेहूनही कमी अंतरावर असतो. आता तो मुळात एक खूण पुढे बसलेला असेल, तर याच वेळी तो चारच्या पलीकडे दिसेल. ‘तास काट्याने जो आकडा ओलांडला तो तास’ हा नियम मुलाला आपणच शिकवलेला असतो. तो नियमाने वाचतो, ‘चार पन्नास’ म्हणतो, आणि त्याला चूक ठरवलं जातं.

पन्नास मिनिटांची वेळ बिनचूक घड्याळातही अवघडच असते. काटा चारला टेकल्यासारखा दिसतो, पण तास अजून तीनचा असतो. त्यात आजी ‘पावणेचार’ म्हणते, शाळेत ‘तीन पंचेचाळीस’ म्हणतात; एकाच वेळेला दोन वेगळ्या तासांची नावं मुलाच्या कानावर पडतात. म्हणून सहानंतर साडेतीन आणि मग तीन पन्नास लावून बघावेत. साडेतीनला तास काटा तीन आणि चारच्या बरोब्बर मध्ये हवा. हे करताना चावी काटे पुढे जातील अशीच फिरवावी आणि तिथेच थांबावं. मागे आणून थांबवलं तर चाकांच्या दातांमधल्या ढिलाईमुळे काटा नीट स्थिरावत नाही आणि चांगल्या घड्याळावरही उगाच शंका येते. खरंच तिरका निघाला तर त्याच मॉडेलचं दुसरं घड्याळ मागावं. आधीच घेऊन झालं असेल तर घड्याळजी तो काटा उपसून सरळ बसवून देतो.

वाचायला सोपं म्हणजे काय, हे आता आपोआप लक्षात येतं. बाराही आकडे लिहिलेले हवेत, रोमन नकोत, नुसत्या रेघा नकोत. तास काटा जाड आणि आकड्यांच्या आतच थांबणारा, मिनिट काटा बारीक आणि थेट मिनिटांच्या खुणांना टेकणारा. लांबीत पुरेसा फरक नसेल तर मूल काट्यांची अदलाबदल करतं. दोन्ही काटे वेगळ्या रंगांचे असले तर उत्तमच. स्वॉच समूहाची फ्लिक फ्लॅक ही मुलांची घड्याळं १९८७ पासून याच युक्तीवर चालली आहेत, तिथे काटे म्हणजे दोन वेगळ्या रंगांतली भावंडं असतात. आपल्याकडे टायटनची झूप ही मुलांसाठीची घड्याळं मिळतात, पण कोणत्याही कंपनीचं नाव बघून डोळे मिटू नयेत. काट्यांच्या मागे रंगीबेरंगी कार्टून छापलं की त्या गर्दीत काटा शोधावा लागतो. तारखेची खिडकी बहुधा तीनचा आकडा खाते. छोट्या छोट्या जादा तबकड्या असलेली घड्याळं तर मुलांना फार आवडतात आणि शिकायला अगदी कुचकामी असतात. आकड्यांबाहेर पाच, दहा, पंधरा असं छापलेलं असेल तर चालेल, मात्र दहा वर्षांच्या मुलाला पाचाचा पाढा येतो, त्यामुळे त्यासाठी अडून बसायचं कारण नाही.

काट्यांऐवजी आकड्यांचं घड्याळ का नको? ते टिकतं, स्वस्त असतं, चूकही होत नाही. पण त्यात आत्ताची वेळ दिसते, उरलेला वेळ दिसत नाही. समजा, क्लास सव्वापाचला आहे आणि चालत जायला वीस मिनिटं लागतात. तबकडीवर मूल तीनच्या आकड्यापासून चार घरं मागे मोजतं आणि अकरावर पोचतं. मिनिट काटा अकरावर आला की चपला घालायच्या. वाटेत बारा ओलांडल्यामुळे तास पाचाचा चारावर येतो, तेही त्याला समोर दिसतं. पाच पंधरातून वीस वजा करताना हेच मूल हमखास अडखळतं.

मजबुतीत सगळ्यांत जास्त फसवणूक पाण्याची होते. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं तरी ते घालून पोहायचं नसतं. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा आहे. हात धुताना उडालेलं पाणी किंवा पाऊस सोसेल, इतकाच त्याचा अर्थ. पोहण्यासाठी किमान ५० मीटर, आणि मूल नियमाने तलावात जाणार असेल तर १०० मीटरचं घ्यावं. तेही चावी आत दाबलेली असेल तरच. काचेच्या आत धुकं जमलं की पाणी शिरलं असं समजून लगेच दुरुस्तीला न्यावं, सुकेल म्हणून वाट बघू नये.

काच प्लास्टिकची असेल तर नाक मुरडू नका. तिच्यावर ओरखडे येतात, पण ती फुटून तुकडे होत नाहीत आणि ओरखडे घासून बरेचसे जातात. तबकडीची कड काचेहून किंचित उंच असली की बाकावर आपटल्यावर मार कडेला बसतो. आकार ३० ते ३४ मिलिमीटरच्या आसपास पुरे. पट्टा जिथे जोडलेला असतो ती टोकं मनगटाबाहेर आली तर घड्याळ प्रत्येक दाराला अडकणार. पट्टा शक्यतो नायलॉनचा आणि एकसंध, दोन्ही पिनांखालून घड्याळाच्या पाठीमागून जाणारा घ्यावा. खेळताना एक पिन निसटली तरी दुसरीवर घड्याळ लटकून राहतं. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात तीच पिन निसटली की घड्याळ मैदानात पडतं आणि संध्याकाळी घरी आल्यावर ते नाही हे कळतं.

सेल साधारण दोनतीन वर्षं चालतो. बदलताना झाकणाखालची रबराची रिंग नीट बसवायला सांगावं, नाहीतर ५० मीटरचं घड्याळ त्याच दिवशी शून्य मीटरचं होतं.

शेवटी वेळ लावून द्यायची ती फोनशी जुळवून. पुष्कळ घरांत भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची चाल असते. मुलाच्या मनगटावर ती नको. निदान पहिले काही महिने तरी भिंतीवरचंही बरोबर करावं, कारण दोन घड्याळांत फरक दिसला की मूल आपलंच वाचन चुकलं असं धरून चालतं.