गेमिंग कॉम्प्युटर घरात आला, वर्षाला वीजबिल किती वाढणार? मीटरवरच्या लाल दिव्यावरून असा काढा हिशोब

अलिबाग : पोराने हट्ट करून गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला, दोन महिन्यांनी बिल हातात पडलं आणि घरात वाद सुरू झाला. बाप म्हणतो "हे सगळं तुझ्या डब्यामुळे", पोरगा म्हणतो "फ्रीजमुळे असेल". असा वाद तुमच्या घरी असेल तर तो अंदाजाने मिटवू नका. कॉम्प्युटर किती वीज खातो हे घरच्या घरी मोजता येतं आणि त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर, 650 वॅट असं लिहिलेलं असतं. ते पाहून बरेच जण ताशी 650 वॅट धरूनच गुणाकार करतात. पण तो आकडा म्हणजे त्या डब्याची जास्तीत जास्त ताकद. टेम्पो दीड टन नेऊ शकतो म्हणून रोज दीड टन भरलेला असतो असं नाही ना, तसंच हे. खरा खप आतल्या भागांवर ठरतो आणि त्यात सर्वात खादाड असतं ग्राफिक्स कार्ड. उदाहरणार्थ आरटीएक्स 3060 हे कार्ड पूर्ण जोरात 170 वॅटपर्यंत घेतं. प्रोसेसर, पंखे, रॅम, डिस्क मिळून आणखी शंभरेक वॅट. एसएमपीएसमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, वर मॉनिटरचे 25 वॅट. सगळं मिळून भिंतीतल्या प्लगमधून साधारण 340 वॅट. तोच कॉम्प्युटर नुसता यूट्यूबला किंवा अभ्यासाला चालू असेल तर शंभर वॅटच्या आसपास.

आता हे तुमच्या घरी तपासायचं कसं? मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, तो पाहिला असेलच. त्याच्या शेजारी मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ एवढाच, की दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तुमच्या मीटरवर जो असेल तो घ्या.

घरातला फ्रीज, पंप, पंखे आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर, सगळं बंद करा. इन्व्हर्टर विसरला तर बॅटरी चार्ज होत असते आणि आकडा फुगतो. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय, ते शोधा. मग कॉम्प्युटर लावा, नेहमीचा गेम सुरू करा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर एकाने खेळायचं, दुसऱ्याने मोबाईलवर वेळ लावून पाच मिनिटं दिवा मोजायचा. मोबाईलवर व्हिडिओ काढून नंतर मोजलं तरी चालतं. पाचाने भागलं की एका मिनिटाचा आकडा मिळतो. पुढचं गणित असं:

```
एका मिनिटातले लुकलुक × 60 ÷ 3200 = ताशी युनिट
18 × 60 ÷ 3200 = 0.34
```

म्हणजे मिनिटाला 18 वेळा लुकलुकला तर तासाला 0.34 युनिट, वॅटमध्ये 340.

एक घर धरू. पोरगा रोज चार तास खेळतो आणि दोन तास इतर काम करतो. खेळण्याचे 1.36 युनिट, इतर कामाचे 0.2, दिवसाला झाले 1.56. महिन्याला 47 युनिट आणि वर्षाला 570 च्या आसपास.

खरी गोम पुढे आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या 100 युनिटला एक दर, 101 ते 300 ला जवळजवळ दुप्पट, त्यापुढे अजून जास्त. दर बदलत राहतात म्हणून नेमके आकडे तुमच्या बिलावरून घ्या. वीज आकार आणि वहन आकार यांची बेरीज करा आणि वर 16 टक्के वीज शुल्क लावा. इथे हिशोबासाठी पहिल्या टप्प्यात सगळं धरून सात रुपये आणि दुसऱ्या टप्प्यात तेरा रुपये तीस पैसे धरतो.

कॉम्प्युटर यायच्या आधी घरात 80 युनिट जळत होते. नवे 47 युनिट त्या 80 च्या डोक्यावर चढतात. त्यातले फक्त 20 स्वस्त टप्प्यात बसतात, त्यांचे 140 रुपये. उरलेले 27 महाग टप्प्यात, त्यांचे साधारण 360. झाले महिन्याला 500. सगळे युनिट स्वस्त दराने धरले असते तर 330 च आले असते, आणि पोराचा हिशोब बहुतेक तसाच असतो. मार्च ते जून पंखे दिवसरात्र फिरतात आणि घर आधीच शंभरावर गेलेलं असतं. तेव्हा सगळे 47 युनिट महाग दराने पडतात, महिन्याला सव्वासहाशे. आठ महिन्यांचे 4,000 आणि चार महिन्यांचे 2,500 धरले तर वर्षाला साडेसहा हजार. खोलीत एसी असेल तर हिशोब अजून वर जातो, कारण कॉम्प्युटर खातो ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते.

खर्च कमी करायचा तर खेळण्याचे तास हा एकच मार्ग नाही. साधा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, पण मर्यादा घातली नसेल तर ग्राफिक्स कार्ड दोनशे चित्रं तयार करत बसतं. ती जास्तीची चित्रं कुणाला दिसतच नाहीत. गेमच्या सेटिंगमध्ये FPS Limit किंवा V-Sync असतं, तिथे 60 ची मर्यादा घाला आणि पुन्हा दिवा मोजा. 18 चा आकडा 13 वर आला तर जवळजवळ शंभर वॅट वाचले, म्हणजे महाग टप्प्यात महिन्याला दीडशे रुपये. आकडा हललाच नाही तर तुमचा गेम मुळातच कार्डाला पूर्ण ताण देतोय, तिथे ही युक्ती चालायची नाही.

राहिला प्रश्न लाईट जाण्याचा. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आपल्या किनाऱ्याला धडकलं, त्यानंतर कितीतरी दिवस गावं अंधारात होती. तेवढ्या दिवसांना कुठलाच यूपीएस पुरा पडणार नाही, पण रोजच्या झटक्यांचं बघायला हवं. दुकानात मिळणारा 600 व्हीएचा स्वस्त यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. 340 च्या कॉम्प्युटरला तो अगदी काठावर पडतो, ऐन गेममध्ये लाईट गेली की बीप वाजवून तो सगळंच बंद करेल. हजार किंवा अकराशे व्हीएचा घ्या. तोही काही मिनिटंच टिकतो, गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साईन वेव्ह प्रकारचाच हवा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस गुरगुरतात किंवा बंद पडतात. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, नाहीतर लाईट गेल्याक्षणी कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल. 150 एएचची चांगली बॅटरी एवढा भार अडीच-तीन तास ओढेल, पण मग रात्री पंख्याला काही उरणार नाही. शिवाय बॅटरी पुन्हा भरताना जेवढी वीज वापरली त्यापेक्षा जास्त मीटरवर चढते.