टोपीखालचा डाग

जुलैचा दुसरा आठवडा. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून मोबाइलवर फोटो आला. खालून वर काढलेला, ढगाळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर पोफळीचा शेंडा आणि त्यात दोन पिवळ्या झावळ्या. खाली एक ओळ : ‘काका, पानं पिवळी पडतायत, सुपारी गळतेय. काय मारू?’

पाठवणारा मुलगा चोविशीतला. आजोबा गेल्यापासून वाडी तोच बघतो. पावसाळ्यात असे फोटो मला सतत येतात आणि बहुतेकांची सुरुवात पिवळ्या पानापासून होते, कारण लांबून तेच डोळ्यांत भरतं. पण गळ कशामुळे होते आहे हे पान सांगत नाही. ते फळ सांगतं, आणि फळावरही एक ठरावीक जागा : देठाकडची टोपी जिथे संपते, तिच्या कडेला लागून असलेली साल. मी त्याला लिहिलं, ‘औषधाचं नंतर बघू. आधी पडलेल्या सुपाऱ्यांचा फोटो पाठव.’

पाच मिनिटांत फोटो आला. ओंजळभर हिरवी बेडी, पावसाने निथळणारी, फ्लॅशच्या उजेडात चमकणारी. हा फोटो निरुपयोगी होता. पावसाळी कोळे रोगाची पहिली खूण म्हणजे पाण्यात भिजल्यासारखा दिसणारा गर्द हिरवा डाग. ओल्या फळावर फ्लॅश पडला की निरोगी सालसुद्धा तशीच दिसते. शिवाय कुठल्याच फळाची टोपीकडची बाजू कॅमेऱ्याकडे नव्हती. मी त्याला सांगितलं, बारा बेडी घे, कोरड्या फडक्याने पूस, पडवीत वर्तमानपत्रावर ओळीने मांड, टोप्या कॅमेऱ्याकडे कर. फ्लॅश नको, दिवसाचा उजेड पुरे. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव.

या फोटोत मात्र सगळं दिसलं. बारांपैकी नऊ फळांवर टोपीला लागून काळपट हिरवा पट्टा होता. काहींवर तो नखाएवढा, काहींवर अर्ध्या फळापर्यंत उतरलेला. बाकीच्या सालीवर कोवळ्या सुपारीचा नेहमीचा तुकतुकीतपणा राहिला नव्हता, ती निस्तेज दिसत होती. दोन फळं टोपीकडे स्वच्छ होती, पण कुशीत सुई टोचल्यासारखा बारीक ठिपका होता. बारावं फळ उभं तडकलेलं. ती दोन ठिपकेवाली फळं मी त्याला उभी चिरायला सांगितली. ठिपक्याच्या बरोबर आत, कोवळ्या गाभ्यावर काळा चट्टा निघाला. हे रस शोषणाऱ्या ढेकण्याचं काम, त्याचा कुजीशी संबंध नाही. तडकलेलं फळ तिसऱ्याच कारणाचं : निचरा नीट नसला किंवा पाण्याची ओढ बसून नंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की असं होतं. एकाच पोफळीखाली तीन कारणांनी पडलेली फळं सापडतात, म्हणून एका फळाच्या फोटोवरून मी कधीच काही ठरवत नाही. बारांत नऊ एकाच तऱ्हेची निघाली, तेव्हा मुख्य रोग कोणता हे कळलं.

तरी खात्रीसाठी आणखी एक गोष्ट त्याला करायला लावली, जी कुणालाही घरी जमेल. डागाची तीन फळं एका डब्यात ओल्या कागदावर ठेवायची, झाकण सैल लावायचं आणि दोन-तीन दिवस डबा सावलीत ठेवायचा. तिसऱ्या सकाळी फोटो आला. डागावरून पांढरी, कापसासारखी बुरशी उठली होती आणि टोपीसकट फळाला वेढत चालली होती. हिरवी-काळी भुकटी धरली असती तर मी सावध झालो असतो, कारण कुजलेल्या फळावर मागाहून बसणाऱ्या बुरशा पुष्कळ असतात. पांढरा कापूसही शंभर टक्के पुरावा नव्हे. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच. पण टोपीजवळचा डाग, सततचा पाऊस आणि हा कापूस अशा तीन खुणा जुळल्यावर वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

हा जीव आहे फायटोफ्थोरा. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचं नातं पाण्यातल्या शेवाळांशी अधिक जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडचा बटाटा कुजवून दुष्काळ आणला तो याचाच भाऊबंद. पाण्याशी असलेलं हे नातं समजलं की रोगाचं सगळं वागणं उलगडतं. याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. टोपीच्या कडेला पावसाचं पाणी अडकून राहतं, म्हणून सुरुवात तिथून होते. थेंब उडाला की बीजाणू शेजारच्या फळावर, वारा आला की शेजारच्या पोफळीवर. पाऊस स्थिरावल्यावर पंधरा-वीस दिवसांत पहिली गळ दिसते. वीस ते तेवीस अंशांचा गारवा, हवेत नव्वद टक्क्यांवर दमटपणा आणि मध्येच ऊन, मध्येच सर असं हवामान याला फार मानवतं. पावसाळा सरत आला असताना लागण झाली तर फळं गळत नाहीत, शिंपुटावरच कुजून सुकतात. ती वाळकी शिंपुटं आणि जमिनीवर राहिलेली फळं हेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

आता पिवळ्या पानांकडे वळू. फळांची कूज पान पिवळं करत नाही, हे मला पहिल्यांदा त्या मुलाला आणि मग अनेकांना सांगावं लागलं. गळ आणि पिवळेपणा एकाच वेळी दिसले की दोन्हींचं कारण एकच असं वाटतं. ते खरंही असू शकतं, खोटंही. त्यासाठी कोणतं पान पिवळं आहे ते बघायचं. त्याच्या वाडीतल्या पिवळ्या झावळ्या सगळ्यात खालच्या, जुन्या होत्या आणि त्या साऱ्या पोफळी एकाच सखल कोपऱ्यात होत्या. मी बुंध्याचा आणि जमिनीचा फोटो मागवला. पाट पालापाचोळ्याने बुजला होता आणि आळ्यांत पाणी साचलं होतं. मुळं गुदमरली की जुनी पानं पिवळी पडतात. बुंध्यातून तपकिरी डिंक पाझरत असता किंवा तळाशी छत्रीसारखी बुरशी असती, तर तो वेगळा आणि अवघड रोग ठरला असता. तसं काही नव्हतं.

कर्नाटक-केरळात पोफळीचा जो पिवळ्या पानांचा रोग बदनाम आहे, तोही लोकांच्या मनात असतो. त्यात पिवळेपणा बाहेरच्या पानांच्या पात्यांच्या टोकाकडून आत येतो, मधल्या शिरेलगत हिरवी पट्टी राहते आणि हिरव्या-पिवळ्याची सीमा रेघ मारल्यासारखी असते. तो कुजीचा रोग नाही. अतिसूक्ष्म जीव किड्यामार्फत पसरवतो. बोर्डो मारून त्याचं काही होत नाही. इथे पात्यं सरसकट फिकट होती, म्हणून मी सांगितलं : पाट मोकळा कर, चर खोल कर, नवी पानं हिरवी येतात का बघ. फोटोवरून यापुढे जाणं मला योग्य वाटलं नाही.

पण त्याच पहिल्या फोटोत, एका बाजूला, अर्धवट आलेली एक पोफळ होती. बाकीच्यांची मधली सुरळी, म्हणजे अजून न उलगडलेलं भाल्यासारखं पान, हिरवीगार होती. हिची फिकट पिवळी. मोठं करून बघितलं तर तळाशी तपकिरी छटा. फळांत आहे तोच जीव शेंड्यात उतरला की असं दिसतं आणि तिथे पोफळीला कोंब एकच असतो. मी त्याला लगेच फोन केला. दुपारी पाडपी वर चढला, सुरळी हलकी ओढली आणि ती त्याच्या हातात आली. खालचं टोक मऊ, चिकट, कुजका वास मारणारं. खालच्या जुन्या पानाचा पिवळेपणा आठवडाभर थांबतो. सुरळीचा एक दिवसही थांबत नाही.

पाडप्याने कुजलेला भाग कोयत्याने निरोगी पांढऱ्या भागापर्यंत काढून टाकला. त्या जागी दहा टक्के बोर्डो मलम लावलं : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात, हवं तेवढंच बनवून. वर पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिक बांधलं.

शिंपुटांसाठी एक टक्का बोर्डो. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. पिंपं प्लॅस्टिकची, लोखंडाची नाहीत. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेलं चिकट द्रावण त्यात घालतात. मोरचूद जास्त झाला तर कोवळं फळ भाजतं, म्हणून घासून स्वच्छ केलेलं कोयत्याचं पातं मिनिटभर मिश्रणात बुडवायचं. त्याने पाठवलेल्या फोटोत पात्यावर तांबूस लेप चढला होता. चुना जुना, हवेने मेलेला होता. ताजी कळी आणून निवळी वाढवल्यावर पातं स्वच्छ निघालं, तेव्हाच फवारणी सुरू केली.

एक गोष्ट त्याला पचली नाही. फवारल्यावरही चार-पाच दिवस सुपारी गळतच होती. बोर्डो बरं करणारं औषध नाही. तांब्याचा थर फळावर बसतो आणि नव्याने येणारा बीजाणू त्यावर मरतो. ज्या फळात रोग शिरला आहे ते पडणारच. म्हणून पहिली फवारणी खरं तर पाऊस सुरू होण्याआधी, मे अखेरीस व्हायला हवी आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. १९१० मध्ये म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या रोगाचा अभ्यास केला, तेव्हापासून बोर्डोचा सल्ला आजतागायत टिकून आहे. त्याआधी मलनाडातले बागायतदार शिंपुटांवर गवताची आणि विरीची टोपरी बांधत. आता कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात. तत्त्व एकच, पाणी टोपीपर्यंत पोहोचू द्यायचं नाही.

जुलैत हे उशिरा सुचलेलं शहाणपण होतं. मग जे हातात होतं ते केलं. रोगट शिंपुटं उतरवली, खालची सगळी बेडी टोपल्यांत भरून वाडीबाहेर खोल खड्ड्यात पुरली आणि दोन दिवसांची उघडीप मिळाल्यावर पूर्ण वाडी फवारली, डाग नसलेली शिंपुटं आणि शेजारच्या पोफळींचे शेंडेही.

ऑगस्टच्या मध्याला वर्तमानपत्रावर पुन्हा बारा बेडी मांडलेला फोटो आला. टोपीजवळ डाग असलेली दोन. पाट मोकळा केलेल्या कोपऱ्यात जुनी पिवळी पानं तशीच होती, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. पण वरची तीन पानं गर्द होती. सुरळी काढलेल्या पोफळीबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. ऑक्टोबर संपता संपता तिचा फोटो आला. शेंड्यातून एक आखूड, चुरगळलेलं, पात्यं चिकटलेलं पान वर आलं होतं. ते हिरवं होतं.