चहा, साखर आणि अडकलेला स्पेसबार

कीबोर्ड जुना झाला की सगळ्यात आधी कुरकुरतो तो स्पेसबार. दाबला की खाली जातो, वर यायला वेळ लावतो, आणि तोवर पडद्यावर मोकळ्या जागांची रांग लागलेली असते. कधी उलट होते, दोन शब्द एकमेकांना चिकटून येतात. इंग्रजी मजकुरात दर पाच-सहा कळांमागे एकदा स्पेसबार दाबला जातो, म्हणजे झीज तर त्याची होतेच. पण तो बिघडतो त्याचे मोठे कारण त्याच्या लांबीत आहे.

आपल्याकडे दुकानांत, कचेऱ्यांत आणि घरांत जे साधे, स्वस्त कीबोर्ड दिसतात त्यांची रचना अशी असते. वरच्या टोपीच्या पोटाला प्लॅस्टिकची खुंटी असते. ती सांगाड्यातल्या चौकोनी किंवा गोल नळीत वरखाली सरकते. नळीच्या खाली रबराची छोटी घुमटी असते. बोट दाबले की घुमटी बसते, बोट उचलले की फुगून टोपीला वर ढकलते. घुमटीच्या खाली पातळ प्लॅस्टिकचे तीन थर असतात. वरच्या आणि खालच्या थरावर चांदीच्या शाईने छापलेल्या वाटा असतात, मधल्या थराला भोके. दाबल्यावर वरचा थर भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटते.

साध्या कळेला एवढे पुरते. स्पेसबार मात्र लांब असतो, आणि अंगठा कधीच बरोब्बर मध्यावर पडत नाही. एका टोकाला दाबले की दुसरे टोक वर राहून कळ तिरकी होईल, म्हणून त्याच्या पोटात एक वाकवलेली तार बसवलेली असते. तारेची दोन टोके सांगाड्यातल्या आकड्यांत फिरतात आणि एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला पोचवतात. कारखान्यात या आकड्यांना थोडे ग्रीस लावलेले असते. काही वर्षांनी ते सुकते, त्यात धूळ आणि केस मुरतात, आणि त्याचा काळा चिकट गोळा होतो.

म्हणून साफसफाईआधी स्पेसबार तीन ठिकाणी दाबून पाहावा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि अगदी सावकाश. मध्यावर नीट चालतो पण एका टोकाला अडकतो, तर दोष तारेत किंवा आकड्यात. तिन्ही ठिकाणी सारखाच जड आणि आळशी असेल, तर खुंटी आणि नळीत काहीतरी चिकट साचले आहे. दाबताना टचकन लागणारा प्रतिकार जाणवतच नाही, कळ नुसती मऊ पडून राहते, तर रबराची घुमटी फाटली किंवा सरकली आहे. आणि कळ झटकन वर येते तरीही जागा उमटतच राहतात, तर ओल खालच्या थरांत गेली आहे. पहिल्या दोन दुखण्यांवर घरच्या घरी इलाज आहे. शेवटच्या दोहोंसाठी पाठचे स्क्रू काढावे लागतात.

कळ हाताला मोकळी लागते आणि तरी संगणक विचित्र वागतो, असेही होते. शिफ्ट पाच वेळा पाठोपाठ दाबले की विंडोजमध्ये Sticky Keys नावाची खिडकी उघडते. ही बोटांना त्रास असलेल्यांसाठीची सोय आहे. ती चुकून सुरू झाली की शिफ्ट किंवा कंट्रोल ‘अडकल्यासारखे’ वाटते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली की झाले, कापसाची काडी लागत नाही. शंका असेल तर रनच्या चौकटीत `osk` टाइप करावे. पडद्यावर कीबोर्डचे चित्र येते आणि खरी कळ दाबली की त्यातली तीच कळ उजळते. हात न लावता एखादी कळ उजळून राहिली असेल, तर दोष कीबोर्डाचाच.

आता एक नमुना घेऊ. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानातला कीबोर्ड, शेजारी दिवसभर कटिंग चहा. एक दिवस कप कलंडतो, चार थेंब स्पेसबारवर पडतात, कोणीतरी फडक्याने वरून पुसतो आणि काम सुरू राहते. उन्हाळाभर काही जाणवत नाही. जूनचा पाऊस लागला की स्पेसबार चिकटू लागतो. हे भूत नव्हे. चहातली साखर नळीच्या कडेला वाळून काचेसारखी पातळ साय होते. ती हवेतली ओल ओढून घेते आणि पुन्हा पाकासारखी चिकट होते. कोकणातल्या दमट हवेत हे आणखी लवकर होते.

आणि इथेच बहुतेकांचा इलाज फसतो. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल, तेही नव्व्याण्णव टक्क्यांचे, आणून लोक जोरात घासतात आणि काही फरक पडत नाही म्हणून वैतागतात. साखर अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. ती विरघळते पाण्यात. अल्कोहोल उपयोगी आहे ते हाताच्या तेलाला, जुन्या ग्रीसला आणि मागे राहिलेले पाणी लवकर उडवून लावायला. त्यामुळे चहाच्या डागाला आधी पाणी, मग अल्कोहोल, हाच क्रम. सत्तर टक्क्यांच्या बाटलीत तीस टक्के पाणी असतेच, म्हणून साखरेवर ती शुद्ध बाटलीपेक्षा थोडी बरी चालते.

कामाला लागताना यूएसबीची वायर काढावी. बिनतारी असेल तर सेल काढावेत. जुनी गोल पिनेची पीएस/२ वायर असेल तर आधी संगणक बंद करावा, चालू असताना ती उपटू नये. मोबाइलवर कीबोर्डचा सरळ वरून फोटो काढावा. रोज टाइप करणाऱ्यालाही नंतर कोणती टोपी कुठे होती हे आठवत नाही, विशेषतः उजवीकडच्या कळांचे. मग कीबोर्ड उलटा धरून पाठीवर हलक्या थापा माराव्यात. खाली कागद अंथरला तर पोह्यांचा चुरा, केस आणि स्टेपलरच्या पिना निघालेल्या दिसतात. हवेचा डबा वापरणार असाल तर तो उभाच धरावा, तिरका केला की आतला थंड द्रव बाहेर येतो.

टोपी काढायची ती सरळ वर. टोपीकाढू अवजार नसेल तर दोन पेपर क्लिपा सरळ करून त्यांच्या टोकाला लहान आकडे करावेत, टोपीच्या दोन बाजूंना घालावेत आणि एकदम वर उचलावे. स्क्रू ड्रायव्हर एका कोपऱ्यात घालून उचकटला की खुंटी मोडते. स्पेसबार सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सांभाळून. पुढची कड हळूच चार-पाच मिलिमीटर उचलावी, आत डोकावून तार कुठे अडकली आहे ते पाहावे, मग तारेची टोके आकड्यांतून बाजूला सरकवून मोकळी करावीत. इथे झटका दिला की सांगाड्याचा आकडा तुटतो. तो परत जोडता येत नाही, आणि मग स्पेसबार कायमचा एका बाजूला लंगडा राहतो.

टोप्या कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून अर्धा तास ठेवाव्यात, मऊ ब्रशने घासाव्यात, धुऊन फडक्यावर पालथ्या वाळवाव्यात. कढत पाणी नको. स्पेसबारची लांब टोपी उष्णतेने वाकली की तीच नंतर अडकू लागते. पोटातल्या खोबणीत पाणी लपून बसते, म्हणून एक पूर्ण रात्र जाऊ द्यावी.

सांगाडा मात्र कधीही पाण्यात बुडवू नये. कापसाची काडी पाण्यात बुडवून पिळावी, इतकी की दाबल्यावर थेंब पडणार नाही, आणि नळीच्या आतून फिरवावी. काडी पिवळी-तपकिरी होऊन येते, तोच चहा. काडी बदलत राहावी, ती स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर दुसरी काडी अल्कोहोलची, नळी आणि आकडे दोन्हींवर. तारेवरचे काळे ग्रीसही अल्कोहोलने निघते. खिडक्या उघड्या, गॅस बंद, कारण हे अल्कोहोल पेटते.

काही गोष्टी कीबोर्डाजवळ आणूच नयेत. नेलपॉलिश काढायचे द्रव आणि रंगाचा थिनर प्लॅस्टिकलाच विरघळवतात. हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये घट्टपणा आणणारे पदार्थ आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही असते, म्हणजे एक चिकटपणा काढून दुसरा घालणे. शिवणयंत्राचे तेल टाकायचा मोह घरोघरी होतो, आणि पहिला आठवडा स्पेसबार छान चालतोही. पण तेल धूळ धरते, रबराच्या घुमटीपर्यंत उतरते आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट स्थिती होते. तारेच्या टोकांना काही लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस, टाचणीच्या डोक्याएवढे. टोप्यांवरची अक्षरे नुसती छापलेली असतील तर त्यांच्यावर अल्कोहोल घासू नये, काही दिवसांत ‘ए’ आणि ‘एस’ पुसले जातात.

सगळे वाळल्यावर स्पेसबार बसवताना क्रम उलटा: आधी तारेची टोके आकड्यांत, मग मधली खुंटी नळीवर ठेवून वरून दाब. टक आवाज आला की बसला. पुन्हा तीच तीन ठिकाणची चाचणी करावी.

इतके करूनही जागा आपोआप पडत राहिल्या, तर पाठ उघडायची. एखादा स्क्रू बऱ्याचदा स्टिकरखाली दडलेला असतो, आणि तो उघडला की हमी संपते. तीन थर सुटे असतील तर किंचित ओल्या मऊ फडक्याने टिपून, सावलीत सुकवून परत ठेवता येतात. चिकटवलेले असतील तर ओढू नयेत. चांदीच्या वाटांवर काळे किंवा हिरवट डाग दिसले, किंवा एकाच वाटेवरच्या चार-पाच कळा एकदम मेल्या असतील, तर वाट गंजून तुटली आहे. ती पुसून परत येत नाही. साध्या कीबोर्डासाठी दुरुस्तीची मजुरी नव्याच्या किमतीच्या जवळ जाते, त्यामुळे तिथे थांबावे आणि जुना ई-कचऱ्यात द्यावा. लॅपटॉपच्या चपट्या कळांना मात्र यातले टोपी उचलण्याचे कौशल्य लावू नये. त्यांच्याखाली नाजूक कैचीसारखे दोन तुकडे असतात, आणि ते मोडले की बऱ्याच मॉडेलांत पूर्ण कीबोर्डच बदलावा लागतो.