सहा ठोकळ्यांवरून पडतं, सात ठोकळ्यांवरून नाही

माझी भाची यंदा नववीत आहे आणि सध्या ती स्वतःचा व्हिडिओ गेम लिहिते आहे. गेममध्ये एक शेकरू आहे. ते एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उड्या मारत फळं गोळा करतं. पायथन भाषा, पायगेम नावाची फुकट मिळणारी लायब्ररी आणि तिने स्वतः काढलेली चित्रं, एवढंच भांडवल. सगळं छान चाललं होतं, पण मध्येच ते शेकरू खालच्या फांदीतून आरपार जायचं आणि पडद्याच्या तळाशी नाहीसं व्हायचं.

"मामा, फांदी तर तिथेच आहे. मग ते तिच्यावर थांबत का नाही?" तिने फोनवर विचारलं. तिचा पहिला संशय चित्रावर होता, मग कीबोर्डवर. तिने फांदी जागची हलवून पाहिली, रंग बदलून पाहिला, तरी काही फरक पडला नाही. कधी पडतं, कधी नाही, असं तिचं म्हणणं होतं.

या "कधी कधी"चा छडा लावल्याशिवाय अशा चुकीला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. मी तिला एकच काम सांगितलं: शेकरू किती उंचीवरून निघालं आणि खालच्या फांदीवर थांबलं की नाही, हे वहीत लिहून काढ. तिच्या गेममध्ये उंची ठोकळ्यांत मोजली जाते आणि एक ठोकळा ३२ पिक्सेलचा असतो. संध्याकाळी तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. चार ठोकळ्यांवरून थांबतं. पाचवरूनही थांबतं. सहावरून आरपार. सातवरून थांबतं! आठवरून पुन्हा आरपार. नऊ आणि दहावरून ठीक, अकरा आणि बारावरून आरपार. पुन्हा खेळून पाहिलं तरी उत्तर तेच. म्हणजे हा प्रकार लहरीवर चाललेला नव्हता, त्यामागे पक्का हिशेब होता.

तो हिशेब समजायला गेम कसा चालतो ते पाहावं लागतं. पडद्यावर शेकरू सलग घसरत खाली येताना दिसतं, पण आत सलग असं काहीच नसतं. तिचा गेम सेकंदाला ६० वेळा शेकराची जागा नव्याने ठरवतो. अशा प्रत्येक वेळेला फ्रेम म्हणतात. दोन फ्रेमच्या मधल्या क्षणी शेकरू कुठेच नसतं. तिने लिहिलेला भाग असा होता:

```python
vy += 1
y += vy
if top <= y < top + 16:
    y = top
    vy = 0
```

यात `y` म्हणजे शेकराच्या पायांची जागा. पडद्यावर खाली जावं तशी ती वाढते. `vy` म्हणजे वेग आणि `top` म्हणजे फांदीची वरची कड. फांदी १६ पिक्सेल जाड आहे. दर फ्रेमला वेग एकाने वाढतो, हे तिचं गुरुत्वाकर्षण. मग पाय त्या वेगाने खाली सरकतात, आणि शेवटी विचारलं जातं: पाय आत्ता फांदीच्या जाडीत आहेत का?

शेकरू कडेवरून नुसतं खाली सुटलं, तर पहिल्या फ्रेमला ते १ पिक्सेल उतरतं, दुसऱ्या फ्रेमला आणखी २, तिसऱ्याला आणखी ३. एकूण उतार १, ३, ६, १०, १५ असा वाढत जातो. एकोणिसाव्या फ्रेमला तो १९० होतो आणि विसाव्या फ्रेमला २१०. सहा ठोकळे म्हणजे १९२ पिक्सेल, तेव्हा खालची फांदी १९२ पासून २०७ पर्यंत. एका फ्रेमला पाय फांदीच्या दोन पिक्सेल वर आहेत आणि पुढच्याच फ्रेमला तिच्या खाली. दोन्ही वेळा प्रश्नाचं उत्तर "नाही". दर दोन मिनिटांनी डोळे उघडणाऱ्या, डुलकी लागलेल्या प्रवाशाला जलद लोकलमधून मधलं छोटं स्टेशन दिसतच नाही, तसं हे.

सात ठोकळ्यांचं कोडंही यातच सुटतं. तिथे फांदी २२४ ते २३९ या पट्ट्यात आहे, आणि एकविसाव्या फ्रेमला उतार २३१ होतो. पाय नेमके पट्ट्यात पडतात, शेकरू थांबतं. आठ ठोकळ्यांना फांदी २५६ ते २७१, तर पाय २५३ वरून थेट २७६ वर. हे आकडे मी तिला सांगितले नाहीत. दर फ्रेमला `print(y)` करायला लावलं, आणि तिने ते स्वतः वाचले. "अगं बाई, हे तर फांदीला शिवलंच नाही!" असं ती ओरडली.

गेम लिहिणारे याला टनेलिंग म्हणतात. यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय फांदी जाड करण्याचा. तिलाही तोच सुचला. पण वेग वाढतच राहतो, त्यामुळे जाड फांदीही जरा जास्त उंचीवरून फसते. वेगाला १६ ची मर्यादा घातली, तर तिच्या गेममध्ये शेकरू कधीच निसटणार नाही, पण उंचावरून पडण्याची मजा जाते. खरा उपाय म्हणजे प्रश्नच बदलणं. पाय आत्ता फांदीत आहेत का, असं न विचारता, मागच्या आणि या फ्रेमच्या मध्ये त्यांनी फांदीची वरची कड ओलांडली का, असं विचारायचं:

```python
old_y = y
vy += 1
y += vy
if old_y <= top <= y:
    y = top
    vy = 0
```

आता फांदीची जाडी हिशेबातच येत नाही. कागदाइतकी पातळ फांदीही बाराव्या ठोकळ्यावरून आलेलं शेकरू झेलते.

आठवड्याभराने पुन्हा फोन. तिने एक वर-खाली सरकणारी फळी घातली होती. फळी वर जायला लागली की तिच्यावर उभं असलेलं शेकरू तिच्यातून गळायचं. कारण पुन्हा आकड्यांत होतं. पाय ४०० वर, फळीही ४०० वर. फळी चार पिक्सेल वर सरकून ३९६ वर गेली. पायांची जुनी जागा ४००, ती ३९६ च्या आधीच खाली. म्हणजे कड "ओलांडली" असं कधीच ठरणार नाही. पायांची जुनी जागा फळीच्या जुन्या जागेशी ताडायची आणि नवी नव्या जागेशी, हे तिने आपलं आपण शोधलं. मला याचा फार आनंद झाला.

मोठ्या गेमनाही हे चुकलेलं नाही. निन्टेन्डोच्या १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये मारिओचं प्रत्येक फ्रेममधलं चालणं चार तुकड्यांत विभागून दर तुकड्याला जमीन आणि भिंत तपासली जाते. तरीही खेळाडूंना पाठमोऱ्या लांब उडीची युक्ती सापडली. त्या उडीच्या मागच्या दिशेच्या वेगाला मर्यादाच नव्हती. जिन्यावर ती उडी पुन्हा पुन्हा मारली की वेग इतका वाढतो, की चौथा हिस्साही अडथळा ओलांडून जातो. १९९७ च्या जपानी आवृत्तीत ही पळवाट बंद केली गेली.

आज युनिटीसारख्या तयार इंजिनात काम करणाऱ्यांनाही ही चूक भेटते. तिथे भौतिकीचा हिशेब ठरलेला असतो सेकंदाला ५० वेळा. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारा २० सेंटिमीटरचा चेंडू दोन तपासण्यांच्या मध्ये ६० सेंटिमीटर पुढे जातो, तेव्हा १० सेंटिमीटरची भिंत त्याला सहज चुकते. अशा वेळी त्या वस्तूच्या `Collision Detection` या पर्यायात `Discrete` ऐवजी `Continuous` निवडावं लागतं. मात्र ते सरसकट सगळ्या वस्तूंना लावू नका. वाटेचा हिशेब नुसत्या जागेच्या हिशेबापेक्षा महाग असतो आणि गेम मंदावतो. वेगवान आणि लहान वस्तूंपुरतंच ते ठेवा, आणि तुमचं पात्र जमिनीतून गळत असेल तर काहीही बदलण्याआधी त्याच्या पायांचे आकडे छापून पाहा.