सर्व्हरकडूनच किल्ल्या काढून घेणारी चोरी

२०१९च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेला एका बाहेरच्या माणसाचा ई-मेल आला. तुमचा डेटा इंटरनेटवर उघड्यावर पडलेला दिसतोय, असं त्यात लिहिलं होतं. चोरी मार्चमध्येच झाली होती. अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी आणि कॅनडातल्या साठ लाख लोकांची माहिती गेली होती.

बँकेचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होता. समोर पहाऱ्याला असलेल्या फायरवॉलची मांडणी चुकली होती. बाहेरून आलेल्या माणसानं एखादा पत्ता दिला, की ती स्वतःच त्या पत्त्यावर विनंती पाठवायची. सर्व्हरकडून अशी परस्पर विनंती करवून घेण्याला एसएसआरएफ म्हणतात. हल्लेखोरानं जो पत्ता दिला, तो होता `169.254.169.254`.

हा पत्ता फक्त त्या मशीनच्या आतूनच लागतो. तिथली मेटाडेटा सेवा मशीनला तिची ओळख सांगते आणि तिला नेमून दिलेल्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्याही देते. पासवर्ड कोडमध्ये लिहून ठेवावे लागू नयेत, म्हणून केलेली ही चांगली सोय आहे. पण विनंती आतून आली एवढंच तेव्हा पुरेसं असायचं. फायरवॉलनं विचारलं, सेवेनं किल्ल्या दिल्या आणि फायरवॉलनं त्या बाहेर पोहोचवल्या. त्या रोलला बँकेची साठवण वाचायची मुभा होती. फायरवॉलला ग्राहकांचे अर्ज वाचायचं कामच काय होतं?

नोव्हेंबर २०१९मध्ये अ‍ॅमेझॉननं या सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी PUT पद्धतीनं टोकन मागावं लागतं आणि पुढच्या प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये ते दाखवावं लागतं. एसएसआरएफमध्ये हल्लेखोराच्या हाती बहुतेकदा फक्त पत्ता असतो. पद्धत आणि हेडर बदलता येत नाहीत. तिथेच त्याची वाट अडते.

मात्र जुनी पद्धत आपोआप बंद होत नाही. जुन्या मशीनवर दोन्ही दारं उघडी राहतात, म्हणून सक्ती करावी लागते:

```
aws ec2 modify-instance-metadata-options \
  --instance-id <instance-id> \
  --http-tokens required
```

घाईनं हा आदेश दिला, तर जुन्या लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम किल्ल्या न मिळाल्यानं बंद पडतात. म्हणून आधी क्लाउडवॉचमधला `MetadataNoToken` हा आकडा काही दिवस पाहावा. टोकनशिवाय किती विनंत्या होतात ते त्यातून कळतं. तो शून्यावर टिकला, की सक्ती करायला हरकत नाही. कंटेनरमध्ये आणखी एक अडचण येते. टोकनचं उत्तर एकच टप्पा जाईल अशी मर्यादा सहसा असते आणि कंटेनर एक टप्पा पुढे असतो. तिथे मर्यादा दोन करावी लागते.

हल्लेखोराला मशीनवर थेट आदेश चालवता येत असतील, तर तो टोकनही मागून घेतो. तेव्हा सारी भिस्त रोलला किती मुभा दिली आहे यावर असते. कॅपिटल वनच्या फायरवॉलच्या किल्ल्यांनी सातशेहून जास्त साठ्यांची यादी हल्लेखोराच्या हाती दिली होती.