आग लावून गारवा! बिनकॉम्प्रेसरचा फ्रीज चालतो तरी कसा?

घरातला फ्रीज मध्येच घुर्र करतो, तो कॉम्प्रेसरचा आवाज. पण काही फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरच नसतो आणि ते चक्क गॅसच्या ज्योतीवर चालतात. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाणी वापरून असं यंत्र बनवलं होतं.

थंडावा देण्याचं काम दोन्हीकडे सारखंच. द्रव अमोनिया कमी दाबाखाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या वस्तूंकडून ओढून घेतो. प्रश्न पुढचा आहे. झालेली वाफ पुन्हा जास्त दाबाला न्यायची कशी? कारण जास्त दाबाखालीच ती बाहेरच्या हवेत उष्णता सोडून पुन्हा द्रव होते.

खरा खर्च इथेच आहे. उणे १० अंशांना १ किलो अमोनियाची वाफ सुमारे ४२० लिटर जागा व्यापते. ती ३ बारवरून साडेपंधरा बारपर्यंत दाबायची, तर कॉम्प्रेसरला आदर्श स्थितीतही २४० किलोज्यूलच्या आसपास काम करावं लागतं.

इथे पाणी मदतीला येतं. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. ॲब्सॉर्बर नावाच्या भांड्यात पाणी ही वाफ पिऊन टाकतं आणि ४२० लिटरची वाफ काही लिटर द्रवात मावते. (विरघळताना उष्णता निघते, म्हणून हे भांडं सतत थंड ठेवावं लागतं. नाहीतर पाणी वाफ घेणंच कमी करतं.) आता पंपाने हा द्रव वर चढवायचा. एक किलो अमोनियासाठी समजा १० लिटर द्रावण फिरवलं, तरी तेवढ्याच दाबफरकासाठी काम होतं जेमतेम १३ किलोज्यूल. द्रव दाबाखाली फारसा आकसत नाही, म्हणून एवढ्यात भागतं.

मग ज्योत कशाला? तर जनरेटरमध्ये. नाव ऐकून वीज आठवेल, पण हा नुसता बॉयलर. इथे द्रावण तापवून अमोनिया वेगळा काढतात आणि उरलेलं पाणी परत ॲब्सॉर्बरकडे जातं. अमोनियाबरोबर थोडी पाण्याची वाफही निघते, ती रेक्टिफायरमध्ये अडवावी लागते. ती पुढे गेली तर पाणी थंड भागात साचतं आणि ज्योत नीट पेटलेली असूनही फ्रीज हवा तेवढा गार होत नाही.

१९२२ मध्ये स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी उरलेला पंपही काढून टाकला. यंत्रात हायड्रोजन भरून त्यांनी सगळीकडचा एकूण दाब सारखा केला. आता द्रावण फक्त थोडं वर उचलायचं होतं, ते काम अरुंद नळीतले बुडबुडेच करतात. कॅम्परव्हॅनमधले अनेक फ्रीज असेच चालतात आणि म्हणूनच गाडी तिरकी उभी केली की रुसतात. द्रव उतारानेच परत येतो ना!

फुकट मात्र काही नाही. एक भाग गारव्यासाठी साधारण दोन भाग उष्णता जाळावी लागते. म्हणून कारखान्याची वाया जाणारी वाफ हाताशी असेल तिथे हे यंत्र परवडतं. घरात, विजेची सोय असताना, कॉम्प्रेसरच स्वस्त पडतो.